जुन्या गणिताच्या पेपरचा संविधान तक्ता करताना काय काय झालं

ऑगस्टच्या सुरुवातीला आमच्या मुख्याध्यापिका मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं आणि गेल्या वर्षीचा आठवीचा गणिताचा प्रथम सत्राचा पेपर हातात दिला. म्हणाल्या, "याचा संविधान तक्ता करून द्या, प्रत्येक प्रश्नासमोर अध्ययन निष्पत्ती, गुण आणि काठिण्यपातळी लिहायची, शाळेच्या स्वयंमूल्यमापनाच्या फाईलला लावायचा आहे, केंद्रप्रमुख सर पोळ्यानंतर बघायला येणार." आणि एक वाक्य जाता जाता टाकलं ते महत्त्वाचं होतं, "पेपर बदलू नका हं, जसा आहे तसाच तक्त्यात बसवा."

पेपर आमच्या निवृत्त सरांनी काढलेला. सर म्हणजे शाळेतलं गणिताचं मोठं नाव, त्यांचा पेपर कधी कोणी तपासून पाहिला नाही आणि गरजही वाटली नाही. मी नागपुरात एका अनुदानित शाळेत सहावी ते आठवी गणित शिकवते. बीएडला असताना संविधान तक्ता केला होता पण तो उलटा, म्हणजे आधी तक्ता मग पेपर. तयार पेपरवरून मागे जाऊन तक्ता करायचा हे पहिल्यांदाच, आणि हे काम वाटतं त्यापेक्षा बरंच वेगळं निघालं म्हणून लिहून राहिले.

आधी फॉर्मॅटचं सांगते कारण तिथेच अर्धे लोक गडबडतात. बीएडवाला तक्ता म्हणजे उभ्या बाजूला घटक, आडव्या बाजूला ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, आणि प्रत्येकाखाली दीर्घोत्तरी, लघुत्तरी, वस्तुनिष्ठ अशा तीन बारीक पट्ट्या. चौकटीत ३(१) असं लिहायचं, म्हणजे एक प्रश्न, तीन गुणांचा. हा तक्ता दिसायला भारी असतो पण त्यात कुठला प्रश्न कुठे गेला ते शोधूनही सापडत नाही. आता जो मागतात तो प्रश्ननिहाय, एका प्रश्नाला एक ओळ: प्रश्न क्रमांक, घटक, निष्पत्ती क्रमांक, उद्दिष्ट, प्रश्नप्रकार, गुण, काठिण्य. मॅडमना कुठला हवा ते त्यांनाही नक्की नव्हतं. मी प्रश्ननिहायच केला, कारण त्यावरून दुसरा कधीही काढता येतो, दुसऱ्यावरून हा काढता येत नाही.

पेपर ५० गुणांचा. आठवीला संकलित मूल्यमापन ६० गुणांचं, त्यात तोंडी-प्रात्यक्षिक १० आणि लेखी ५०, उरलेले ४० आकारिकचे, हे सगळ्यांना माहीत आहेच. पाठ्यपुस्तकातली पहिली नऊ प्रकरणं, परिमेय-अपरिमेय संख्यांपासून सूट व कमिशनपर्यंत. प्रश्न छापलेले एकूण २८, म्हणजे तक्त्यात २८ ओळी.

सुरुवातच अडली ती टायपिंगवर. पेपर महाल भागातल्या डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतलेला, त्याची फाईल जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोडमध्ये नाही. गुगल शीटमध्ये चिकटवलं की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा कचरा. त्याच्याकडे गेले तर तो म्हणे, "मॅडम कन्व्हर्ट करून देतो पण अपूर्णांक आणि घातांक तुटून जाईन, ते तुम्हालाच पाहा लागन." कन्व्हर्ट करायचे शंभर रुपये सांगितले. मी नको म्हटलं आणि फोनवर मराठी कीबोर्डने प्रत्येक प्रश्नाची फक्त ओळख पटेल एवढे दोन-चार शब्द टाईप केले, "−7/3 संख्यारेषेवर", "कर्ण दिलेला चौकोन" असे. तक्त्यात पूर्ण प्रश्न कोणी मागितलेला नसतो.

तुम्ही असं काम हाती घेतलं तर चार गोष्टी आधी टेबलावर ठेवा: पेपर, पाठ्यपुस्तक, पुस्तकाच्या सुरुवातीला असतं ते अध्ययन निष्पत्तीचं, म्हणजे शिकून मुलाला काय काय करता यायला हवं त्याचं पान, आणि नमुना उत्तरपत्रिका गुणदानासकट. चौथी गोष्ट आमच्याकडे नव्हतीच, सरांच्या डोक्यात होती. मग मीच एका रविवारी बसून सगळा पेपर सोडवला आणि प्रत्येक पायरीला किती गुण ते समासात लिहिलं. हे टाळू नका, का ते पुढे कळेल.

मग निष्पत्तीचा रकाना. आठवी गणिताच्या निष्पत्ती 08.71 ने सुरू होतात, 08 म्हणजे इयत्ता, 71 म्हणजे गणित, पुढे अनुक्रमांक. माझी सहकारी, ती सहावी-सातवीला आहे, तिचं म्हणणं होतं की प्रकरण बघायचं आणि त्याच्या जवळचा क्रमांक टाकून द्यायचा, सगळे तेच करतात. पण प्रकरण आणि निष्पत्ती हे एकास एक जुळतच नाहीत. विस्तार सूत्रे आणि अवयव ही दोन प्रकरणं पण निष्पत्ती बघितली तर दोन्हीकडे एकच, बैजिक नित्यसमानता वापरून उदाहरणं सोडवणं. उलट चौकोनाचं एकच प्रकरण पण त्यात दोन वेगळ्या निष्पत्ती, एक कंपास-पट्टीने चौकोन काढण्याची आणि दुसरी समांतरभुज चौकोनाचे गुणधर्म पडताळून पाहण्याची. पेपरात "समांतरभुज चौकोनाचा एक कोन ७०° तर बाकीचे कोन काढा" असा दोन गुणांचा प्रश्न होता आणि शेवटी रचनेचा चार गुणांचा. प्रकरण बघून भरलं असतं तर दोन्ही एकाच क्रमांकावर गेले असते आणि मुलांना रचना येते की नाही ते कोणाला कळलंच नसतं.

म्हणून मी निष्पत्तीचं पान झेरॉक्स करून कापलं आणि प्रत्येक वाक्यातल्या क्रियापदाखाली रेघ मारली. काढतो, पडताळतो, सोडवतो, वापरतो. प्रश्न मुलाला जे करायला लावतो ते क्रियापद कुठे आहे तेवढंच बघायचं.

आता एक प्रश्न पूर्ण दाखवते, कारण बाकीचे सगळे याच रीतीने बसवले. पाचव्या प्रश्नातला सूटवाला, चार गुणांचा: साडीची छापील किंमत १५०० रुपये, एक दुकान २० टक्के सूट देऊन बिलावर पुन्हा १० टक्के सूट देतं, दुसरं दुकान सरळ ३० टक्के देतं, कुठे स्वस्त पडेल आणि किती रुपयांनी. बर्डीच्या बाजारात दर दिवाळीला दिसतात तशाच पाट्या.

पहिल्या दुकानात आधी ३०० सूट, राहिले १२००, एक गुण. मग १२०० वर १० टक्के म्हणजे १२०, राहिले १०८०, एक गुण. दुसऱ्या दुकानात ४५० सूट, किंमत १०५०, एक गुण. आणि दुसरं दुकान ३० रुपयांनी स्वस्त, हा निर्णय एक गुण. निष्पत्ती सरळ आहे, टक्केवारी सूट-नफ्याच्या परिस्थितीत वापरणं. पण उद्दिष्ट कोणतं लिहायचं? आकडेमोड बघितली तर आकलन, चारातले तीन गुण साध्या टक्केवारीचे आहेत. मी गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका काढून बघितल्या (गठ्ठे स्टाफरूमच्या कपाटात होते) तर जिथे मुलं अडकली ती जागा एकच, २० आणि १० मिळवून ३० केले आणि दोन्ही दुकानं सारखीच असं लिहिलं. म्हणजे दुसरी सूट कशावर मोजायची हे ओळखणं हाच प्रश्न आहे, बाकी सगळं त्याच्याभोवतीची आकडेमोड. म्हणून उपयोजन लिहिलं. मग मी हाच नियम धरला की उत्तर जिथे फसतं ती पायरी ज्या उद्दिष्टाची त्यात अख्खी ओळ जाते. आणि ती पायरी गुणदान लिहिल्याशिवाय दिसतच नाही, नुसता प्रश्न वाचून दिसत नाही.

याच्यातच अजून एक भानगड. उदाहरण पुस्तकात सोडवून दाखवलेलं असेल आणि पेपरात फक्त आकडे बदलले असतील तर ते उपयोजन नाही, भले शाब्दिक उदाहरण का असेना. मजुरांचं व्यस्त चलनाचं उदाहरण बघा, इतके मजूर इतक्या दिवसात, मजूर वाढले तर किती दिवस. शाब्दिक आहे म्हणून बहुतेकजण डोळे मिटून उपयोजनात टाकतात. पण वर्गात त्याच साच्याची उदाहरणं झालेली, मूल "मजूर" शब्द वाचूनच गुणाकार करून मोकळं होतं. मी पुस्तक उघडून प्रत्येक शाब्दिक उदाहरण पडताळलं आणि अशी आकलनात टाकली. शेवटी छापलेल्या ६५ गुणांपैकी खरं उपयोजन फक्त ९ गुणांचं उरलं. आता ६५ कुठून आले ते सांगते पण त्याआधी काठिण्य.

काठिण्यपातळीचा रकाना लोक अंदाजाने भरतात, आणि भरताना दोन गोष्टी मिसळतात. उपयोजन आहे म्हणजे कठीण, ज्ञान आहे म्हणजे सोपं. तसं नसतं हो. वरचा साडीचा प्रश्न विचाराला अवघड पण आकड्यांना एकदम हलका. आणि 17576 चं घनमूळ काढा हा तीन गुणांचा प्रश्न रीत म्हणून एकदम ठरलेला, मूळ अवयव पाडायचे आणि तीन-तीनचे गट करायचे, पण २ ने तीनदा भाग दिल्यावर 2197 उरतं आणि तिथे मूल ३, ५, ७, ११ सगळ्यांनी भागून बघतं आणि १३ पर्यंत पोचायच्या आतच सोडून देतं. उत्तर २६. तर उद्दिष्ट खालचं आणि काठिण्य वरचं, असंही होतं.

मी आणि सहकारीने आधी आपापल्या अंदाजाने वेगवेगळे कागद भरले. मुख्याध्यापिकांच्या नमुन्यात सोपे ३०, मध्यम ५०, कठीण २० टक्के असं अपेक्षित प्रमाण दिलेलं. माझ्या अंदाजाने सोपे २२, मध्यम ३१, कठीण १२ गुण आले, टक्केवारी काढली तर ३४, ४८, १८. अगदी छान बसत होतं, सहकारी म्हणे, "झालं ना मग, आता काऊन डोकं लावून राहिली?"

पण गठ्ठे समोर होते म्हणून म्हटलं मोजून बघू. दोन तुकड्यांतल्या मिळून ४० उत्तरपत्रिका घेतल्या, हजेरीच्या क्रमाने, हुशार-मठ्ठ निवडून नाही. प्रत्येक प्रश्नाला मुलांना मिळालेले गुण भागिले मिळू शकणारे गुण, गुणिले १००. आम्ही ठरवलं ७० च्या वर आला तर सोपा, ४० ते ७० मध्यम, त्याखाली कठीण. आकडा मोठा तितका प्रश्न सोपा हे लक्षात ठेवा, आमच्या स्टाफरूममध्ये यावरून दोनदा गोंधळ झाला.

उदाहरणार्थ −7/3 संख्यारेषेवर दाखवा, दोन गुण. मी डोळे झाकून सोपा लिहिला होता. ४० पैकी ३४ मुलांनी सोडवला होता, मिळू शकणारे गुण ६८ आणि मिळालेले २९, म्हणजे ४३ टक्के. मध्यम, आणि तोही कठीणच्या उंबरठ्यावर. चूक बहुतेकांची एकच. −7/3 म्हणजे −2 पूर्णांक 1/3 इथपर्यंत बरोबर, मग −2 वर बोट ठेवून तिथून एक भाग उजवीकडे मोजलेला, म्हणजे टिंब −2 आणि −1 च्या मध्ये. धन संख्यांना जशी सवय असते तशीच उजवीकडे उडी. −3 च्या दिशेने जायचं हे सुचलेलं नाही. टिंब चुकीच्या बाजूला पण भाग मात्र तंतोतंत तीन सारखे पाडलेले, पट्टीने. ते बघून मला माझ्या यावर्षीच्या वर्गात संख्यारेषा पुन्हा एक तास घ्यावी लागली, तो वेगळा विषय.

आणि आता उलट फसवणारा. घनमूळवाल्याचा आकडा आला ८२! म्हणजे नियमाने सोपा. तोंडात बोट घातलं. मग नीट बघितलं तर ४० पैकी फक्त ११ मुलांनी तो सोडवला होता, ३३ पैकी २७ गुण. ज्यांना येत होतं तेवढ्यांनीच हात लावला, बाकीच्यांनी दुसरा पर्याय घेतला. पर्यायी प्रश्नाचा आकडा असा एकटा बघायचा नसतो, किती जणांनी सोडवला ते त्याच्या शेजारी लिहायचं. अर्ध्याहून कमी मुलांनी हात लावला असेल तर आकड्यावर विसंबू नका, उत्तरपत्रिका चाळून ठरवा. मी तो कठीणच ठेवला आणि शेरा रकान्यात "४० पैकी ११" लिहून ठेवलं.

असं सगळं मोजल्यावर सोपे १५, मध्यम ३०, कठीण २० गुण झाले, म्हणजे २३, ४६ आणि ३१ टक्के. सुंदर जुळलेलं प्रमाण गेलं. सहकारी आणि अजून एक दोघं म्हणाले जुळवून टाक, कोण उत्तरपत्रिका काढून बघणार आहे. मला ते पटलं नाही, कारण मग दुसरा पेपर काढताना याच खोट्या तक्त्यावर आपण भरवसा ठेवणार. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या खरं आहे तेच लिहा आणि खाली टीप द्या की काठिण्य उत्तरपत्रिकांवरून ठरवलं. एवढं सोपं होतं.

बेरजेचं आता. शीटमध्ये निष्पत्तीनुसार गुण मोजायला एकच सूत्र पुरतं. C मध्ये निष्पत्ती, F मध्ये गुण, आणि H मध्ये निष्पत्तींची यादी एकाखाली एक:

```
=SUMIFS($F$3:$F$30,$C$3:$C$30,$H3)
```

उद्दिष्ट आणि काठिण्यासाठी C च्या जागी तो तो रकाना आणि H च्या जागी त्याची त्याची यादी. दोन गोष्टींनी हे सूत्र फसतं. एक म्हणजे गुण मराठी अंकात, २, ३, ४ असे टाईप केले तर शीट त्यांना आकडा समजत नाही, बेरीज शून्य येते, म्हणून गुणांच्या रकान्यात 2, 3, 4 च टाका. दुसरं, फोनच्या कीबोर्डवर सुचवलेला शब्द निवडला की पुढे एक रिकामी जागा येते, मग "आकलन" आणि "आकलन " हे दोन वेगळे शब्द होतात आणि बेरीज कमी येते. दिसायला दोन्ही सारखेच. उपाय म्हणजे त्या रकान्यांना ड्रॉपडाऊन लावून टाकायचा, टाईपच करायचं नाही.

तक्ता पोळ्याच्या आधी तयार झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रिंट मारायला निघाले तर मारबत, महालातले रस्ते मिरवणुकीने भरलेले, दुकानं बंद, म्हणून आणखी एक दिवस गेला. मग ए-थ्री कागदावर दोन प्रती, वीस रुपयांना एक. ए-फोरवर काढू नका, सात रकाने मावतात पण अक्षर मुंगीएवढं होतं आणि तपासणारा वैतागतो.

केंद्रप्रमुख सर आले, तक्ता पाहिला, निष्पत्तीच्या रकान्यावर बोट फिरवलं, मग खाली एकूण बघितलं आणि म्हणाले, "पेपर पन्नासचा ना, मग हे पासष्ट कसे?" मी सांगितलं की पर्याय धरून छापलेले गुण आहेत. सहापैकी चार, पाचपैकी चार, चारपैकी तीन, तीनपैकी दोन, असे पर्याय होते, सगळे मिळून १५ गुण जास्तीचे. ते म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण तक्त्यात पन्नास दिसले पाहिजेत, असं सही होत नाही." आणि तक्ता परत.

आधी चीड आली. आता काय १५ गुणांचे प्रश्न मनाने वगळायचे? कुठले वगळणार? प्रत्येक मूल वेगळे वगळणार. दोन दिवस तसाच पडला होता. मग असं लक्षात आलं की सरांनी नकळत बरोबर जागेवर बोट ठेवलंय. छापलेले गुण किती हे फारसं कामाचं नाहीच, मुलाला एखादी निष्पत्ती टाळून जाता येते का हे कामाचं आहे. म्हणून मी गुणांचा आणखी एक रकाना काढला आणि त्याला नाव दिलं "हमखास गुण".

मोजायची रीत अशी. त्या मुख्य प्रश्नात किती उपप्रश्न सोडायची मुभा आहे ते बघा. त्या निष्पत्तीचे त्यात जेवढे उपप्रश्न आहेत त्यातून ती मुभा वजा करा. उरतील तेवढे मुलाला सोडवावेच लागतात, शून्य किंवा कमी आलं तर हमखास काहीच नाही. आमच्या पेपरात नित्यसमानतेचे वस्तुनिष्ठ दोन गुण सक्तीचे. दुसऱ्या प्रश्नात तिचे दोन उपप्रश्न पण सोडायची मुभाही दोनाची, तिथे शून्य. तिसऱ्यात दोन उपप्रश्न, मुभा एकाची, म्हणजे एक हमखास, तीन गुण. चौथ्यात तसंच, एक हमखास, चार गुण. एकूण हमखास ९, छापलेले मात्र २०.

आणि चौकोन रचना? ती फक्त पाचव्या प्रश्नात, तीनपैकी एक, सोडायची मुभा एक. छापलेले ४, हमखास ०. म्हणजे एखाद्या मुलाने आठवीच्या पहिल्या सत्रात चौकोन काढायला कंपास उचललाच नाही तरी त्याला पन्नासपैकी पन्नास मिळू शकतात. गठ्ठ्यात बघितलं तर खरंच बऱ्याच मुलांनी रचना सोडली होती. निवृत्त सरांना फोन केला, त्यांना राग येईल असं वाटलं होतं, पण ते हसले आणि म्हणाले, "पर्याय जास्त दिले की पालक खुश राहतात, बाई."

मग तक्त्यात गुणांचे दोन रकाने केले, छापलेले ६५ आणि सोडवायचे ५०. दुसरा आकडा प्रत्येक उपप्रश्नाच्या ओळीत नाही, फक्त मुख्य प्रश्नाच्या ओळीत लिहिला, पहिल्याचे १०, दुसऱ्याचे ८, तिसऱ्याचे १२, चौथ्याचे १२, पाचव्याचे ८. बेरीज पन्नास. हमखास गुण निष्पत्तींच्या यादीशेजारी. केंद्रप्रमुख सरांनी पन्नास पाहिले आणि सही केली, हमखास गुणांच्या रकान्याबद्दल काही विचारलं नाही. मॅडमनी मात्र विचारलं, आणि त्यावरूनच यावर्षीच्या पेपरचं ठरलं.

यावर्षी पर्याय प्रश्नाच्या आतच ठेवले, एकाच निष्पत्तीचे आणि एकाच काठिण्याचे. रचनेच्या जागी आता असं आहे: कर्ण ८ सेमी आणि ६ सेमी असलेला समभुज चौकोन काढा, किंवा कर्ण ५ सेमी असलेला चौरस काढा. दोन्हीत मुलाला कर्ण काढून त्याचा लंबदुभाजकच घ्यावा लागतो, फक्त कंपासचं अंतर बदलतं. कुठलंही निवडा, रचनेचे चार गुण हमखास. असा जोडीचा प्रश्न काढायला वेळ लागतो, कारण दोन्ही पर्याय स्वतः काढून बघावे लागतात. सुरुवातीला समभुज चौकोनाला जोड म्हणून पतंग घेतला होता, त्यात दोन वेगवेगळ्या बाजू येतात, एक पायरी वाढते, म्हणून बाद केला.

विदर्भात शाळा जूनअखेर सुरू होते त्यामुळे सूट व कमिशनचं प्रकरण परीक्षेपर्यंत कसंबसं होतं, तर त्याला यावर्षी दोनच गुण ठेवलेत आणि तक्त्याच्या शेऱ्यात कारण लिहिलंय. नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी विचारणार, या निष्पत्तीला एवढे कमी काऊन.

खर्च म्हणाल तर झेरॉक्स, प्रिंट आणि एक फाईल मिळून शंभरच्या आत. वेळ मात्र उत्तरपत्रिका मोजण्यात गेला, एकट्याने करू नका, एकाने गुण वाचायचे आणि दुसऱ्याने शीटमध्ये टाकायचे, पटापट होतं.

आणि यावर्षीचा तक्ता परीक्षेआधी करणार असाल तर तो कोणत्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, शीटची लिंकही शेअर करू नका. प्रश्नांचे ते दोन-चार शब्द आणि गुण एवढ्यावरून कुठलाही ट्यूशनवाला पेपर ओळखतो. आमचा सध्या मॅडमच्या कपाटात कुलुपात आहे, पेपरच्या पाकिटासोबत. शीटमधून प्रश्नाच्या ओळखीचा रकाना मी उडवून टाकलाय, तो परीक्षा झाल्यावर परत भरणार.